फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने छायाचित्रातला एकच कपडा बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छायाचित्रातील व्यक्ती, तिची मुद्रा आणि पार्श्वभूमी तशीच ठेवून अंगावरचा एखादाच कपडा बदलायचा असेल, तर त्यासाठी सिलेक्शन म्हणजे चित्रातला निवडलेला भाग आणि प्रॉम्प्ट म्हणजे तेथे काय हवे याचे चारसहा शब्दांतले वर्णन, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. या कामात बहुतेकांचे लक्ष प्रॉम्प्टकडे असते. माझे मत असे आहे की निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा सिलेक्शनमुळे, आणि म्हणून खालील उत्तरांत सिलेक्शनला जास्त जागा दिली आहे. ही उत्तरे फोटोशॉपमधील ॲडोबीचे स्वतःचे फायरफ्लाय मॉडेल वापरले आहे असे धरून लिहिली आहेत.

सिलेक्शन करून Generate दाबल्यावर नेमके काय घडते?

सिलेक्शनच्या आतला भाग नव्याने तयार केला जातो आणि बाहेरचा भाग जसाच्या तसा राहतो. जुन्या कपड्यावर नवे कापड चढवले जाते, अशी अनेकांची समजूत असते, पण तसे होत नाही. आतल्या जुन्या चुण्या, बटणे आणि शिवणी निकालात टिकतीलच असे नसते. आजूबाजूचे चित्र पाहून म्हणजे मान कुठे आहे, खांदे कोणत्या बाजूला कलले आहेत, उजेड कुठून येतो आहे हे लक्षात घेऊन मॉडेल त्या रिकाम्या जागेत काय असू शकेल ते नव्याने रचते.

निकाल मूळ चित्रावर न उमटता एका वेगळ्या लेअरवर येतो. त्या लेअरला सिलेक्शनच्या आकाराचा मास्क असतो आणि Properties पॅनेलमध्ये सहसा तीन पर्याय दिसतात. मूळ छायाचित्र खाली सुरक्षित असल्यामुळे लेअरचा डोळा बंद केला की जुना कपडा पुन्हा दिसतो. या कामासाठी इंटरनेट चालू असावे लागते, कारण चित्र तयार होते ते तुमच्या संगणकावर नव्हे, सर्व्हरवर.

सिलेक्शन कपड्याच्या काठाला अगदी चिकटून करावे का?

नाही. नवखा माणूस येथेच अडखळतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

Object Selection Tool घेऊन कपड्यावर क्लिक केले की फोटोशॉप त्या कपड्याचा काठ बऱ्यापैकी अचूक पकडतो. हे सिलेक्शन दिसायला सुबक असते, पण ते जुन्या कपड्याच्या मापाचे असते. नवीन कपडा त्याच बाह्यरेषेत बसवावा लागत असल्याने सैल स्वेटर मागितला तरी तो अंगाला घट्ट दिसतो, आणि जॅकेट मागितले तर जॅकेटच्या रंगाचा शर्ट मिळतो. जॅकेटला जाडी असते, खांद्यापाशी ते थोडे बाहेर येते, त्याची कॉलर मानेवर चढते. या सगळ्यासाठी लागणारी जागा सिलेक्शनमध्येच नसेल, तर मॉडेल ती कोठून आणणार?

दुसरी अडचण काठाची. चिकटून केलेल्या सिलेक्शनच्या बाहेर जुन्या कपड्याच्या रंगाची एकदोन पिक्सेलची कड राहून जाते. निळा टी-शर्ट काढून हिरवा शर्ट घातला की बाह्यरेषेवर निळसर झाक दिसते, आणि चित्र लहान करून पाहिले तरी ती डोळ्याला खुपते.

म्हणून प्रथम कपडा निवडावा आणि मग Select > Modify > Expand मधून सिलेक्शन सगळीकडून थोडे वाढवावे. साधारण 3000 पिक्सेल रुंदीच्या छायाचित्रात 10 ते 15 पिक्सेल पुरतात. त्यानंतर नवा कपडा जेथे जेथे जुन्यापेक्षा मोठा असणार आहे तेथे Lasso Tool घेऊन, Shift दाबून, हाताने भर घालावी. ही भर घालताना पार्श्वभूमीचा काही भाग आत आला तर घाबरू नये. कपडा तेथपर्यंत पोहोचला नाही, तर मॉडेल ती जागा पार्श्वभूमीने भरून देते. पार्श्वभूमी साधी भिंत असेल तर हे बेमालूम जमते. मागे अक्षरे किंवा जाळी असेल, तर मात्र तेथे हात आखडता घ्यावा.

एखादे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगता येईल का?

समजा, छायाचित्र 3000 बाय 4000 पिक्सेलचे आहे. त्यातील व्यक्ती किंचित वळून उभी आहे, अंगात अर्ध्या बाह्यांचा निळा टी-शर्ट आहे, खांद्यावरून छातीवर तिरपा आलेला बॅगेचा पट्टा तिने उजव्या हाताने धरला आहे आणि डावा हात पँटच्या खिशात आहे. केस खांद्यावर टेकले आहेत. टी-शर्टच्या जागी गडद हिरव्या कॉर्डरॉयचा पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा आहे.

आधी Object Selection Tool ने टी-शर्ट निवडला. पट्टा बहुधा सिलेक्शनमध्येच येतो, त्यामुळे तो राखायचा की जाऊ द्यायचा हे आत्ताच ठरवावे लागते. येथे तो ठेवायचा आहे, कारण हाताची मूठ त्याच्याभोवती वळलेली आहे आणि पट्टा गेला तर ती मूठ हवेत अडकल्यासारखी दिसेल. Lasso Tool ने, Alt दाबून (मॅकवर Option), पट्टा आणि बोटे सिलेक्शनमधून वजा केली. वजा करताना पट्ट्याच्या कडेचे एकदोन पिक्सेल मात्र सिलेक्शनमध्येच राहू दिले, म्हणजे पट्ट्यालगत निळी रेष उरत नाही.

मग बाह्या. अर्ध्या बाह्यांच्या खाली दिसणारे दोन्ही हात आता कापडाखाली जाणार आहेत. त्यामुळे बाहीच्या टोकापासून मनगटापर्यंतची त्वचा सिलेक्शनमध्ये घेतली, शिवाय हाताच्या दोन्ही बाजूंना सुमारे 25 पिक्सेलची मोकळीक ठेवली, कारण कॉर्डरॉय जाड असते आणि बाही हातापेक्षा रुंद असते. मनगटापाशी सिलेक्शन थांबवले. पंजा आत घेतला असता तर नवा पंजा तयार झाला असता, आणि बोटे ही मॉडेलची अजूनही कच्ची बाजू आहे. डावा हात खिशात असल्यामुळे तेथे मनगटच दिसत नाही. सिलेक्शन खिशाच्या काठापर्यंत नेले, पण पँट मात्र आत घेतली नाही.

गळ्यापाशी टी-शर्टचा गळा गोल आहे आणि शर्टला कॉलर हवी आहे. म्हणून मानेच्या बुडाचा, साधारण दोन बोटे रुंदीचा पट्टा सिलेक्शनमध्ये घेतला. हनुवटी आणि जबड्याची रेषा मात्र बाहेर ठेवली. खांद्यावरच्या केसांच्या टोकांना थोडे आत येऊ दिले.

हे सिलेक्शन तयार होताच Select > Save Selection मधून नाव देऊन जपून ठेवले. पहिल्या प्रयत्नानंतर बहुतेक वेळा पुन्हा त्याच सिलेक्शनवर यावे लागते, आणि एवढे हातकाम दुसऱ्यांदा करणे कंटाळवाणे असते.

यानंतर सिलेक्शनखाली दिसणाऱ्या पट्टीवरचे Generative Fill बटण दाबून पुढील मजकूर लिहिला. ती पट्टी दिसत नसेल, तर Edit मेनूमधूनही हीच आज्ञा देता येते.

```
dark green corduroy shirt, full sleeves, buttoned collar
```

निकालात पहिल्यांदा काय पाहावे? लेअरचा डोळा दोनतीनदा बंद-चालू करावा. जबडा, मूठ, पट्टा आणि खिशाचा काठ तसूभरही हलता कामा नये. नंतर 100 टक्के झूमवर काखेची जागा पाहावी, कारण बाही आणि धड जेथे एकमेकांना टेकतात तेथे मॉडेल अनेकदा दोन्ही एकाच कापडात विरघळवून टाकते. मग कॉलरची दोन टोके आणि बटणांची ओळ पाहावी. बटणे पट्ट्याखाली एका जागी जाऊन दुसऱ्याच ओळीत बाहेर आली, असे पट्टा आडवा असला की हमखास घडते. शेवटी कॉर्डरॉयच्या उभ्या रेघा पाहाव्यात, कारण त्या बाहीवर बाहीच्या दिशेने वळायला हव्यात.

या उदाहरणात काख किंवा बटणे बिघडली, तर सगळा शर्ट पुन्हा तयार करण्याची गरज नसते. तेवढाच भाग Lasso Tool ने सैल हाताने घेरावा, प्रॉम्प्टमध्ये फक्त `dark green corduroy` लिहावे आणि तेवढ्यापुरतेच Generate दाबावे. आजूबाजूला आता हिरवे कॉर्डरॉय असल्यामुळे मॉडेलला नमुना समोरच मिळतो आणि जोड सहसा कळत नाही.

प्रॉम्प्टमध्ये काय लिहावे आणि काय टाळावे?

जे दिसायला हवे त्याचे नाव लिहावे. कपड्याचा प्रकार, कापड, रंग आणि बाही किंवा गळ्याची ठेवण एवढे बहुतेक वेळा पुरते. `change the t-shirt to a sweater` अशी आज्ञा लिहिली, तर त्यातील t-shirt हा शब्दही वर्णनाचा भाग होऊन बसतो आणि निकालात टी-शर्टसारखा गळा डोकावतो. `maroon knit sweater, crew neck` एवढे लिहिणे केव्हाही चांगले.

नकारही असेच उलटतात. `shirt without logo` लिहिले की छातीवर एखादे अस्पष्ट चिन्ह येण्याची शक्यता उलट वाढते. त्याऐवजी `plain shirt` लिहावे. व्यक्तीचे वय, चेहरा, केस, खोली यांचे वर्णन येथे नको, कारण त्या गोष्टी सिलेक्शनच्या बाहेर आहेत आणि मॉडेलला त्या दिसतातच. आत लिहिले तर ते त्या कपड्याच्या जागेतच काहीतरी कोंबू पाहते. `beautiful`, `high quality` अशा विशेषणांनी कपड्यात फरक पडलेला मला दिसलेला नाही. कापडाचे नेमके नाव लिहिले की फरक लगेच दिसतो. `jacket` आणि `quilted nylon jacket` हे दोन प्रॉम्प्ट एकाच सिलेक्शनवर चालवून पाहावेत.

कपडा मिळण्याऐवजी त्या जागी भलतेच काहीतरी का येते?

याची कारणे साधारण दोन. प्रॉम्प्टची चौकट रिकामी ठेवली असेल, तर मॉडेल आजूबाजूच्या चित्राशी जुळेल असे काहीही भरते, आणि कपडा जवळजवळ पूर्ण निवडलेला असताना तेथे भिंत किंवा दुसराच एखादा कपडा येऊ शकतो. दुसरे कारण म्हणजे सिलेक्शन फार मोठे आणि चौकोनी आहे. कपड्याभोवती Rectangular Marquee Tool ने चौकट आखली की तिच्यात हात, पार्श्वभूमी आणि कधी चेहऱ्याचा भागही येतो, आणि त्या जागेत नवा माणूस उभा करण्याइतकी मोकळीक मॉडेलला मिळते.

पूर्ण बाह्यांचा कपडा काढून अर्ध्या बाह्यांचा घालता येतो का?

येतो, पण हे उलट दिशेने जाण्यापेक्षा अवघड आहे. झाकलेला हात आता उघडा दिसणार असल्यामुळे मॉडेलला त्वचा, कोपराचा वळसा आणि हाताची जाडी कल्पनेने रचावी लागते. चित्रात चेहरा आणि पंजा दिसत असेल तर त्वचेचा रंग बराच जुळतो, मात्र पंजापाशी सांधा लागतो तेथे रंगात एक पायरी दिसते. हे काम दोन टप्प्यांत करावे. आधी धड आणि वरची बाही, मग कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग वेगळ्या सिलेक्शनने, `bare forearm` एवढाच प्रॉम्प्ट देऊन. या पद्धतीने आलेला हात त्या व्यक्तीचा खरा हात नसतो; तिच्या हातावरचा तीळ किंवा व्रण त्यात असणार नाही.

चेहरा स्पष्ट आणि कपडा मात्र धूसर का दिसतो?

मॉडेल ठरावीक मापाचे चित्र तयार करते आणि फोटोशॉप ते ताणून तुमच्या सिलेक्शनमध्ये बसवते. जनरेटिव्ह फिल 2023 मध्ये आले तेव्हा हे माप 1024 बाय 1024 पिक्सेल होते. वरच्या उदाहरणात शर्टची उंची 1800 पिक्सेल धरली, तर 1024 पिक्सेलचे चित्र जवळपास पावणेदोन पट ताणले जाते आणि कॉर्डरॉयच्या बारीक रेघा पुसट होतात. नंतरच्या आवृत्त्यांत हे माप सुधारले आहे, पण सिलेक्शन जितके मोठे तितके ताणणे जास्त, हा नियम कायम आहे.

धूसरपणा ओळखायचा असेल तर 100 टक्के झूमवर केस आणि नवे कापड शेजारीशेजारी पाहावे. केसांचा एकेक धागा मोजता येतो आणि कापड मात्र मेणासारखे गुळगुळीत आहे, असे असेल तर ताण पडला आहे. नव्या आवृत्त्यांत पर्यायाच्या लघुचित्रावर Enhance Detail ची सोय असते, ती आधी वापरून पाहावी. ते पुरेसे नसेल तर पूर्ण शर्ट तयार झाल्यावर छाती, एक बाही, कॉलर असे लहान तुकडे निवडून तेच कापड पुन्हा मागावे. प्रत्येक तुकड्याची मोठी बाजू 1000 पिक्सेलच्या आत ठेवली की पोत बराच स्पष्ट येतो. शेजारच्या तुकड्याचा थोडा भाग प्रत्येक सिलेक्शनमध्ये घ्यावा, नाहीतर जोडाची रेष उमटते.

मूळ छायाचित्रात कॅमेऱ्याचे बारीक दाणे असतील, तर तेही नव्या कापडात नसतात. अशा वेळी कपड्याच्या लेअरची रास्टराइज केलेली प्रत घेऊन Filter > Noise > Add Noise मधून अगदी थोडे, एकदोन टक्के दाणे घालावेत आणि Monochromatic वर खूण करावी.

कपडा चांगला आला आहे, तरीही तो चिकटवल्यासारखा वाटतो. का?

सिलेक्शनच्या बाहेर जुन्या कपड्याच्या खुणा राहिलेल्या असतात. गडद लाल शर्ट घातलेल्या व्यक्तीच्या हनुवटीखाली आणि मानेवर लालसर उजेड पडलेला असतो. शर्ट पांढरा केला तरी तो उजेड तसाच राहतो, आणि डोळ्याला काहीतरी चुकते आहे हे कळते पण कारण सापडत नाही. जमिनीवरची सावली, मागच्या आरशातील किंवा काचेतील प्रतिबिंब, चष्म्यातील झळक यांचेही तसेच. सैल कोट घातला आणि जमिनीवरची सावली मात्र अंगाला बेतलेल्या शर्टाची राहिली, तर ती वेगळी निवडून दुरुस्त करावी लागते.

मानेवरचा रंग दुरुस्त करण्यासाठी जनरेटिव्ह फिलची गरज नाही. एक Hue/Saturation लेअर घेऊन Reds मधील सॅच्युरेशन थोडे कमी करावे आणि मास्क काळा करून पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त हनुवटीखालचा भाग उघडावा. हे काम मिनिटभराचे आहे, आणि सगळ्या चित्राचा विश्वासार्हपणा त्यावर टिकून असतो.

फक्त रंग बदलायचा असेल तर?

तर जनरेटिव्ह फिल वापरू नये. कपडा तोच, चुण्या त्याच, शिवण तीच हवी असेल, तर त्या टिकवणारे साधन वापरावे. कपडा निवडून Hue/Saturation चा लेअर चढवावा आणि रंग फिरवावा. सिलेक्शन आपोआप त्याचा मास्क होते. पांढऱ्या कपड्याला रंग द्यायचा असेल तर Solid Color चा लेअर Multiply मध्ये ठेवावा, म्हणजे सावल्या खालून दिसत राहतात. काळ्या कपड्याला फिका रंग देणे मात्र या मार्गाने नीट जमत नाही, कारण त्या काळ्यात चुण्यांचा तपशीलच फारसा उरलेला नसतो. तेथे नवा कपडा तयार करणे सोपे पडते.

तीन पर्यायांपैकी एकाची कॉलर चांगली आहे आणि दुसऱ्याच्या बाह्या. दोन्ही एकत्र करता येतील का?

येतील. त्या लेअरची Ctrl आणि J दाबून प्रत काढावी (मॅकवर Command आणि J). वरच्या प्रतीत चांगल्या कॉलरचा पर्याय निवडावा, खालच्या प्रतीत चांगल्या बाह्यांचा, आणि वरच्या लेअरच्या मास्कवर काळ्या मऊ ब्रशने बाह्यांचा भाग झाकावा. दोन्ही पर्यायांतील कापडाचा रंग थोडा वेगळा असतो, त्यामुळे जोड शक्यतो शिवणीवर किंवा खोल चुणीत लपवावा. काम संपल्यावर न लागणारे पर्याय Properties पॅनेलमधून काढून टाकले की फाइलचा आकारही कमी होतो.

माझ्याकडे एका विशिष्ट शर्टाचे छायाचित्र आहे. नेमका तोच शर्ट व्यक्तीच्या अंगावर घालता येईल का?

शब्दांनी नाही. प्रॉम्प्ट कितीही नेमका असला, तरी मॉडेल त्या वर्णनाचा एखादा शर्ट रचते, तुमचा शर्ट नव्हे. नव्या आवृत्त्यांत संदर्भ म्हणून चित्र देण्याची सोय आहे आणि तिने रंग, पोत व घडण जवळ येते, पण छापाची रचना, बटणांची संख्या, खिशाची जागा हे सगळे तंतोतंत येईल अशी खात्री धरू नये. म्हणूनच विक्रीसाठी ठेवलेल्या कपड्याचे चित्र या पद्धतीने करणे मला योग्य वाटत नाही. घेणाऱ्याला दिसलेला कपडा आणि हातात आलेला कपडा वेगळा निघेल, आणि तो दोष चित्र करणाऱ्याचा असेल.

दुसऱ्या व्यक्तीच्या छायाचित्रावर हे करावे का?

तिची संमती असेल तरच. अंगप्रदर्शन घडवणारे किंवा व्यक्तीची अप्रतिष्ठा करणारे बदल ॲडोबीच्या वापराच्या नियमांत बसत नाहीत, आणि तसे प्रॉम्प्ट नाकारले जातात. कधीकधी पोहण्याचा पोशाख किंवा आतला बनियन यांसारखा साधा शब्दही गैरसमजाने अडवला जातो. अशा वेळी कपड्याचे दुसरे प्रचलित नाव वापरावे, किंवा उघडी त्वचा सिलेक्शनमधून वगळून पाहावी.

फाइल कोणत्या स्वरूपात जतन करावी?

काम चालू असेपर्यंत PSD मध्येच ठेवावी, म्हणजे लेअर, मास्क आणि उरलेले पर्याय पुन्हा उघडता येतात. JPEG काढल्यावर हे सगळे एकजीव होते. जनरेटिव्ह लेअर रास्टराइज केला तरी पर्याय जातात, म्हणून ती पायरी मूळ लेअरवर न करता नेहमी प्रतीवर करावी आणि मूळ लेअरचा डोळा बंद करून तो खाली राहू द्यावा.